भात सोडला, पोळ्या वाढल्या

"मॅडम, वर्ष झालं, भाताचं शीतसुद्धा तोंडात घातलेलं नाही. तरी वजन दोन किलोंनी वाढलंच कसं?"

समोर बसलेल्या बाई शाळेत गणित शिकवतात. वय सत्तेचाळीस, वजन सत्तर किलो. आहारसल्ला द्यायचं काम मी करते त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि हे वाक्य शब्दांची थोडीफार अदलाबदल होऊन आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतंच. कुणी भात सोडलेला असतो, कुणी गहू. कुणी दोन्ही सोडून ज्वारी-बाजरीकडे वळलेला असतो. 'काय सोडलं' याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. 'त्याच्या जागी काय आलं' असं विचारलं की मात्र मंडळी जरा थांबतात.

बाईंना मी घरी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरायला सांगितलं. आठ दिवस फक्त मोजून वहीत लिहायचं, खाण्यात बदल काही करायचा नाही. त्या वहीतला रात्रीच्या जेवणाचा हिशेब सविस्तर सांगते, कारण 'धान्यानं वजन वाढतं का' या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

वर्षापूर्वी त्या रात्री दोन पोळ्या, भाजी आणि शेवटी भाताची एक मूद घेत. मुदीवर पातळ वरण आणि चमचाभर तूप. मूद म्हणजे शिजलेला भात ११० ग्रॅमच्या आसपास. त्यासाठी कोरडा तांदूळ लागतो साधारण ४० ग्रॅम, म्हणजे १४० कॅलरी. तुपाच्या ४५ आणि अर्धी वाटी पातळ वरणाच्या ४० धरल्या तर सगळा वरणभात मिळून २२५ कॅलरी.

मग त्यांनी भात सोडला. पोट भरेना म्हणून पोळ्या दोनाच्या चार झाल्या. त्यांच्या पोळीच्या कणकेचा गोळा भरला ६० ग्रॅम, त्यात कोरडं पीठ सुमारे ३७ ग्रॅम. पोळी घडीची, म्हणजे घडीत तेलाचं बोट आणि तव्यावरून उतरल्यावर वरून तेलाचा हात. हे तेल चमचाभर होतं. एका पोळीच्या झाल्या १६५ कॅलरी, दोन जादा पोळ्यांच्या ३३०. वाढलेल्या पोळ्यांबरोबर भाजीही वाढली, पण ती मी धरलीच नाही. २२५ गेल्या आणि ३३० आल्या. रोज शंभराच्या वर कॅलरी वाढल्या, त्याही 'मी भात सोडलाय' या समाधानासकट.

रोजच्या शंभर कॅलरींनी काय होतं? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा असलेले शास्त्रज्ञ केविन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये यासाठी एक ढोबळ ठोकताळा दिला. रोजच्या खाण्यात साधारण २४ कॅलरींचा बदल कायम राहिला, तर वजन शेवटी एक किलोनं बदलतं. त्यातला निम्मा बदल पहिल्या वर्षात दिसतो, बाकीचा पुढच्या दोनेक वर्षांत. बाईंच्या शंभर कॅलरींना हा ठोकताळा लावला तर पहिल्या वर्षी दोन किलो येतात. काटाही दोन किलोच दाखवत होता. इतका नेमका मेळ नेहमी बसत नाही, हे मान्य करते. पण गणिताच्या शिक्षिकेला तो पटला.

भाताला इतकी बदनामी आली कुठून? माझ्या मते त्याचा मोठा वाटा वजनकाट्यावरच्या पहिल्या आठवड्याकडे जातो. बाईंनी सुरुवातीचे पंधरा दिवस भात आणि पोळी दोन्ही बंद करून सूप-सॅलडवर काढले होते, आणि तेवढ्यात दोन किलो उतरले होते. "म्हणजे धान्यामुळेच होतं ना?" असं त्यांनी मला विचारलं.

तसं नाही. आपलं शरीर पिष्टमय पदार्थांतल्या साखरेचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत करून ठेवतं. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसात हा साठा साधारण चार-पाचशे ग्रॅम असतो, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. धान्य एकदम बंद केलं की पहिल्या काही दिवसांत हा साठा वापरला जातो आणि त्याला धरून असलेलं पाणी लघवीवाटे निघून जातं. काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो. पोट हलकं वाटतं, अंगठी सैल होते. पुढे एखाद्या लग्नात मसालेभात जेवून आलं की साठा पुन्हा भरतो, पाणी परत येतं आणि दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो. यातला चरबीचा भाग दोन्ही वेळा नगण्य असतो. पण माणूस जे डोळ्यांनी बघतो त्यावर विश्वास ठेवतो, आणि त्यानं बघितलेलं असतं एवढंच की भात गेला तेव्हा वजन गेलं आणि भात आला तेव्हा वजन आलं. त्याला चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही. पुरावाच तसा फसवा आहे.

दुसरी गफलत तक्त्यांची. एका तक्त्यात लिहिलेलं असतं, शंभर ग्रॅम तांदूळ साडेतीनशे कॅलरी. दुसऱ्यात शंभर ग्रॅम भात एकशे तीस. दोन्ही खरे आहेत, कारण पहिला कोरड्या दाण्याचा आणि दुसरा शिजवलेल्या भाताचा. तांदूळ शिजताना पाणी पिऊन अडीच-तीन पट होतो. पोळीत पाणी बरंच कमी राहतं, कारण तव्यावर वाफ निघून जाते. कोरड्यातून बघितलं तर तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी ही सगळी शंभर ग्रॅमला साधारण ३२० ते ३६० कॅलरींच्या पट्ट्यात बसतात. म्हणजे कॅलरींच्या बाबतीत ही भावंडं सारख्याच उंचीची. फरक आहे तंतूंचा, थोडा प्रथिनांचा, चावायला लागणाऱ्या वेळाचा आणि बरोबर काय खाल्लं जातं त्याचा.

हे कळलं नाही की भाकरीचं प्रकरण होतं. भाकरीला तेल लागत नाही, ज्वारीत तंतू जास्त, ती चावून खावी लागते, पोटात टिकते. सगळं बरोबर. पण थापलेल्या मोठ्या भाकरीत सत्तर-ऐंशी ग्रॅम पीठ सहज असतं. तशी एक भाकरी अडीचशे कॅलरींची, म्हणजे साध्या मध्यम आकाराच्या दोन पोळ्यांच्याही वर. 'पोळ्या दोन खायचो, आता भाकरी दोन खातो' असं कुणी आनंदानं सांगितलं की मला त्याच्या ताटातलं पीठ दुप्पट झालेलं दिसतं. वर लोण्याचा गोळा असेल तर तो वेगळा.

उपवासाचं तर विचारूच नका. भात वर्ज्य, पोळी वर्ज्य, म्हणून साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. कोरडा शंभर ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट आणि तीन चमचे तूप घातलं की सहाशे कॅलरी पार होतात, आणि हे सगळं 'आज काही खाल्लं नाही' या सदरात जमा होतं. देवाला यात ओढत नाही, तो बिचारा कॅलरी मोजत नसावा.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेते. तो असा: सगळ्या कॅलरी सारख्या नसतात. भात-पोळी खाल्ली की रक्तातली साखर वाढते, तिच्यामागे इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन चरबी साठवायला लावतं. म्हणून किती खाल्लं याला महत्त्व नाही, काय खाल्लं यालाच आहे. जिममधल्या ट्रेनरपासून फॅमिली ग्रुपवरच्या काकांपर्यंत हे सगळ्यांना पाठ झालं आहे. यातलं साखर आणि इन्सुलिन वाढण्याचं खरं आहे. चरबी साठवण्याचं अर्धं खरं आहे, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून बघितल्यावर टिकला नाही.

तपासणारे पुन्हा केविन हॉलच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात वीस माणसं चार आठवडे संशोधन केंद्रातच राहिली. दोन आठवडे त्यांना मिळालं फार कमी चरबीचं, वनस्पतिजन्य जेवण, ज्यात पंचाहत्तर टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून येत होत्या. दुसरे दोन आठवडे मिळालं मांस-अंडी-चीजवर आधारलेलं, अगदी कमी पिष्टाचं जेवण. कुणाला आधी हे, कुणाला आधी ते. अट एकच, हवं तेवढं खा, कुणी अडवणार नाही. पिष्टाच्या जेवणानंतर साखर आणि इन्सुलिन अपेक्षेप्रमाणे खूप वर गेलं. पण त्याच जेवणावर माणसं आपण होऊन दिवसाला सुमारे ६९० कॅलरी कमी खात होती, आणि अंगावरची चरबी स्पष्टपणे घटली तीही त्याच काळात. वजन दोन्हीकडे उतरलं होतं, पण कमी पिष्टाच्या बाजूला त्यातला बराचसा भाग पाण्याचा वगैरे होता. इन्सुलिन उंच आणि चरबी कमी हे दोन्ही एकदम होऊ शकतं, एवढं या प्रयोगातून दिसलं.

हे वाचून कुणी कुकर चढवायला पळू नये. त्या जेवणात भाज्या, कडधान्यं, फळं भरपूर होती आणि तेल नाममात्र होतं. दोन आठवडे म्हणजे आयुष्यही नव्हे. आपल्याकडच्या पंचाहत्तर टक्के पिष्टाच्या ताटात भाजी असते चमचाभर आणि तीवर तेलाचा तवंग.

याहून जुनी आणि विचित्र गोष्ट डॉक्टर वॉल्टर केम्पनर यांची. मूळचे जर्मन, नंतर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात. १९४० च्या सुमारास त्यांनी वाढलेला रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या विकारांवर एक आहार सुरू केला: भात, फळं, फळांचा रस आणि साखर. होय, साखरसुद्धा. पुढे लठ्ठ रुग्णांसाठी त्याचीच मोजूनमापून कमी केलेली आवृत्ती आली. १९७५ मध्ये त्यांनी किमान ४५ किलो वजन उतरवलेल्या १०६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. भात खाऊन माणशी ४५ किलो! ऐकायला जबरदस्त, पण शिक्षिका बाईंनी त्यातली मेख लगेच पकडली: ज्यांचं तेवढं उतरलं तेच मोजले, मधेच सोडून गेलेले किती? शंका रास्त आहे. आहार कंटाळवाणा होता, देखरेख कडक होती, आणि तो कुणालाही सुचवावा असा मुळीच नाही. त्यातून मी एवढंच घेते, की भातात वजन वाढवणारा काही खास गुण असता तर असे १०६ रुग्ण सापडलेच नसते. त्यांनी भात खाल्ला, पण थोडा खाल्ला, तेलातुपाविना खाल्ला.

मग धान्य निर्दोष सुटलं का? नाही. इथे माझ्याच बाजूच्या लोकांशी माझं भांडण आहे. 'आमची आजी भातच खायची, कुठे जाडी होती?' असं म्हणून जे हात झटकतात, त्यांचंही चुकतं. आजी पाणी ओढायची, जात्यावर दळायची, आणि मुख्य म्हणजे आजीच्या ताटात दुसऱ्यांदा काय पडेल याचा भरवसा नसायचा.

आपल्या ताटात धान्याचा वाटा खरोखरच अवाढव्य आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दिवसाच्या दोन हजार कॅलरींच्या ताटात कोरडं धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम असं प्रमाण दिलं आहे. हे अडीचशे ग्रॅम धान्य बघून धान्यद्वेष्ट्यांनी जरा दम घ्यावा. संस्था धान्य बंद करा म्हणत नाही, एकूण कॅलरींतला त्याचा वाटा पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत आणा म्हणते. पण चारशे ग्रॅम भाजी आणि पंच्याऐंशी ग्रॅम डाळ हे आकडे बघून भात-पोळीप्रेमींनीही आरशात बघावं. बहुतेक घरांत डाळ याच्या निम्मीही नसते. ताटातली ती रिकामी जागा धान्य भरून काढतं, कारण ते स्वस्त आहे, पटकन होतं आणि 'अजून एक घे' असा आग्रह पोळीचाच होतो. दुधीच्या भाजीचा आग्रह झालेला मी तरी पाहिलेला नाही.

स्वस्तपणाचा मुद्दा जाता जाता सोडून देण्यासारखा नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम, साधारण पावणेसहाशे कॅलरी. ज्या घराचा मुख्य आधार हाच आहे तिथे जाऊन 'भात सोडा' म्हणणं हा सल्ला नव्हे, थट्टा आहे. तिथे प्रश्न असतो डाळ कशी वाढवायची हा.

धान्य बदलून भागतं का, यावर आपल्याच देशातलं मोठं उत्तर २०२५ मध्ये आलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक देशव्यापी पाहणीत हजारो प्रौढांचा आहार तपासला गेला. सरासरी बासष्ट टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून येतात असं आढळलं. पॉलिश केलेल्या तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आणलं, पण एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा किंवा पोटाच्या घेराचा धोका कमी होताना दिसला नाही. पिष्टाचा थोडा भाग प्रथिनांनी घेतला तर मात्र फरक दिसत होता. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, त्यामुळे कार्यकारणाची शपथ तिच्यावरून घेता येत नाही. तरी भात टाकून पोळी किंवा पोळी टाकून भाकरी अशा अदलाबदलीवर उभ्या असलेल्या आख्ख्या सल्ला-बाजाराला ती अडचणीची आहे.

मधुमेह असेल तर गोष्ट थोडी वेगळी होते, तेही सांगायला हवं. तिथे पांढऱ्या भातानं साखर किती पटकन चढते हा स्वतंत्र आणि खरा प्रश्न आहे, वजन वाढो न वाढो. साखर आणि वजन हे दोन प्रश्न एकमेकांत कालवले की भाताला दोन्हींची शिक्षा एकदम होते. मी इथे वजनाबद्दल बोलते आहे.

वजनाच्या बाबतीत माझं म्हणणं असं: धान्य हे कारण नाही, पण घोळ जिथे होतो ती जागा धान्याची आहे. कारण ताटातला सगळ्यात लवचिक भाग तोच. आमटीची वाटी ठरलेली असते, भाजीचा डाव ठरलेला असतो, पण पोळ्या दोनही होतात आणि पाचही होतात. भाताचा डोंगर वाढणाऱ्याच्या हातावर असतो. समोर जास्त आलं की माणूस जास्त खातो, आणि त्याला ते कळत नाही. अमेरिकेतल्या आहार-संशोधक बार्बरा रोल्स यांनी २००२ मध्ये हे मॅकरोनी-चीजवर दाखवलं. एकाच माणसाला वेगवेगळ्या दिवशी अर्धा किलोपासून एक किलोपर्यंतची ताटली समोर ठेवली. किलोच्या ताटलीतून तो अर्ध्या किलोच्या ताटलीपेक्षा तीस टक्के जास्त कॅलरी खायचा, आणि पोट किती भरलं असं विचारलं तर उत्तर जवळपास तेच. पोट हे माप नव्हे, ताटली हे माप झालं.

दुसरं, धान्य एकटं येत नाही. ते वाहन आहे. तेवढ्याच कणकेचा फुलका केला तर त्यात पिठाच्या कॅलरी, घडीची पोळी केली तर वर चमचाभर तेल, पुरी केली तर कढईतून ती किती तेल घेऊन आली ते तळणाऱ्यालाही सांगता येत नाही. वजन वाढल्यावर नाव गव्हाचं घेतलं जातं. तेलाचं कुणी घेत नाही, कारण तेल ताटात दिसत नाही. म्हणून घरातलं तेल मोजायची एक सोपी युक्ती मी सगळ्यांना सांगते. पाच लिटरचा कॅन फोडला की त्यावर तारीख लिहायची आणि संपला की दुसरी तारीख. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोंच्या थोडं वर. चौघांच्या घरात तो तीस दिवसांत संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. बाहेरचं खाणं वेगळं, तूपही वेगळं. तो बेचाळीस दिवस पुरला तर माणशी २७ ग्रॅम येतात. बाईंचा कॅन तीस दिवस चालत होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. भात गेला की त्याच्यामागून वरण जातं. आमटी, सांबार, कढी, ताक ही सगळी भाताच्या जोडीनं खाल्ली जाणारी मंडळी आहेत. पोळीशी वरण खाणारे थोडे. बाईंच्या वहीत वर्षभरापूर्वीचं अर्धी वाटी वरणही दिसेना. डाळ शिजत होती, पण मुलांसाठी. वजन कमी करायला निघालेल्या माणसाला ज्याची सर्वांत जास्त गरज, ते प्रथिन भाताच्या बदनामीपायी ताटातून गेलं होतं. त्यामुळे पोट टिकत नव्हतं, आणि पावणेअकराला डब्यातून चिवड्याची मूठ निघत होती.

मग आम्ही काय केलं ते सांगते. त्यांच्या सासूबाई सोबत आल्या होत्या. मी कोरड्या तांदळाची गोष्ट काढताच त्या म्हणाल्या, "आम्ही माणशी मूठच घालायचो. शिजल्यावर कोण मोजतं?" मला ते फार आवडलं. जुन्या स्वयंपाकघरात माप कोरड्याचं होतं, चिपट्या-मापट्याचं किंवा मुठीचं, आणि एकदा आधणात पडलं की त्यात वाढवायला जागा नव्हती. आपण कुकर भरून लावतो आणि मग 'उरायला नको' म्हणून वाढून घेतो. घरी जाऊन सासूबाईंची मूठ काट्यावर घातली गेली. भरली ४० ग्रॅम.

रात्रीचं ताट असं ठरलं: मूठभर तांदळाचा भात, त्यावर अर्धा चमचा तूप, पातळ नव्हे तर घट्ट वरण एक वाटीभर, आणि दोन पोळ्या. फक्त गोळा ६० ऐवजी ४५ ग्रॅमचा आणि तेल निम्मं. अशी एक पोळी ११५ कॅलरींची. सगळं मिळून पाचशेच्या आसपास. आधीच्या चार पोळ्या होत्या ६६० च्या. भाजी दोन्हीकडे सोडून दिली आहे, आता ती उलट वाढली होती. म्हणजे भात परत आला, वरण दुप्पट झालं, ताट भरलेलं दिसू लागलं, आणि कॅलरी दीडशेनं उतरल्या. दुपारच्या डब्यातल्या दोन पोळ्याही लहान गोळ्याच्या झाल्या, तिथून आणखी शंभर गेल्या.

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. उलट काटा अर्धा किलो वर गेला आणि फोन आला, "भातानं वाढलं बघा." भात नुकताच सुरू झालेला, वरणामुळे मीठही थोडं जास्त, पाणी धरलं गेलं असणार. पंधरा दिवस काट्यावर उभं राहू नका असं सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, रोज उभ्या राहिल्या, पण रोजचा आकडा वहीत लिहून आठवड्याची सरासरी काढू लागल्या. गणिताच्या बाईच त्या. तिसऱ्या आठवड्यापासून सरासरी खाली सरकू लागली. मध्ये गणपतीत आणि दिवाळीत ती थांबली, फराळाच्या दिवसांत थोडी वर गेली, पुन्हा उतरली. आठ महिन्यांनी वजन साडेसहासष्ट.

सगळ्यांचं असं होत नाही. थायरॉइडचा विकार असतो, काही औषधं वजन वाढवतात, पाळी जाण्याच्या वयात शरीर वेगळं वागतं, रात्रपाळीत झोपेचे आणि भुकेचे तीनतेरा वाजतात. तिथे मुठीचं माप पुरत नाही, डॉक्टर लागतो. पण भात सोडूनही वजन वाढलं म्हणत जे येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या वहीत दुसऱ्या पानावर पोळ्यांची किंवा भाकरीची संख्या वाढलेली सापडते, आणि तिसऱ्या पानावर वरण गायब झालेलं.

मागच्या महिन्यात बाई आल्या तेव्हा पिशवीतून तेलाच्या कॅनचं झाकण काढून दाखवलं. त्यावर मार्करनं दोन तारखा लिहिल्या होत्या, मधे एक्केचाळीस दिवस. "जाऊबाई विचारत होत्या, काय सोडलंस म्हणून," त्या म्हणाल्या. "काही सोडलं नाही म्हटलं तर त्यांना खरंच वाटेना. शेवटी साखर सोडली म्हणून सांगून टाकलं."

साखर त्या चहात अजून दीड चमचा घेतात. त्याचं पान आम्ही अजून उघडलेलं नाही.